शंभर रुपयांची बाटली आणि ४० टक्के कर: कॉम्पोझिट आणि मिक्स्ड सप्लायचा हिशेब

दिवाळीच्या दोन महिने आधीपासून मिठाईवाले, ड्रायफ्रूटवाले आणि गिफ्टवाले यांच्याकडे कंपन्यांच्या ऑर्डरी येऊ लागतात. पाचशे बॉक्स, हजार बॉक्स, प्रत्येकात फराळ, काजू-बदाम, चांदीचं नाणं आणि शोभेला आणखी दोन वस्तू. भाव ठरतो, डिझाइन ठरतं, रिबिनीचा रंगसुद्धा ठरतो. जीएसटी किती लावायचा हे मात्र बिल करायच्या दिवशी काउंटरवरच्या मुलाला विचारलं जातं आणि तो सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून भरलेला दर दाबून मोकळा होतो. खरा घोळ इथेच होतो. तो नीट कळावा म्हणून असाच एक बॉक्स उघडून बघू.

आकडे सोपे धरले आहेत. करापूर्वीचे भाव असे: फराळ ६०० रुपये, ड्रायफ्रूट ८०० रुपये, चांदीचं नाणं १,००० रुपये, सेंटची बाटली ३०० रुपये आणि सोड्याच्या कोल्ड्रिंकची बाटली १०० रुपये. एकूण २,८०० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे फराळ आणि ड्रायफ्रूट ५ टक्क्यांत, चांदीचं नाणं ३ टक्क्यांत, सेंट १८ टक्क्यांत आणि कोल्ड्रिंक थेट ४० टक्क्यांत येतं. दुकानात कुणी या पाच वस्तू सुट्या घेतल्या, तर फराळावर ३०, ड्रायफ्रूटवर ४०, नाण्यावर ३०, सेंटवर ५४ आणि कोल्ड्रिंकवर ४० असा १९४ रुपये कर होतो.

आता याच पाच वस्तू एका बॉक्समध्ये घालून एकाच भावाने विकल्या, तर संपूर्ण २,८०० रुपयांवर ४० टक्के लागतात. म्हणजे १,१२० रुपये. माल तोच, ग्राहक तोच, फक्त भाव एक झाला आणि कर जवळपास सहापट झाला. चांदीच्या नाण्यावर एरवी तीस रुपये कर असतो, इथे त्या एका नाण्यावरच चारशे रुपये बसतात.

कायद्याने हे मुद्दाम असं ठेवलं आहे. सीजीएसटी कायदा, २०१७ च्या कलम ८ मध्ये दोन ओळींत निकाल दिला आहे. पुरवठा कॉम्पोझिट असेल, म्हणजे स्वाभाविकपणे एकत्र जाणाऱ्या गोष्टींचा असेल, तर त्यातल्या मुख्य पुरवठ्याचा दर सगळ्याला लागतो. मिक्स्ड असेल, म्हणजे सुट्या वस्तू एका भावात बांधलेल्या असतील, तर त्यातल्या सर्वांत जास्त दराच्या वस्तूचा दर सगळ्याला लागतो. दुसरा नियम शिक्षेसारखा वाटतो आणि माझ्या मते तो काही अंशी तसाच आहे. तो नसता, तर प्रत्येकाने महाग कराची वस्तू स्वस्त कराच्या वस्तूबरोबर बांधून एक गठ्ठा भाव लावला असता आणि त्या भावातला मोठा वाटा कमी कराच्या वस्तूच्या नावावर दाखवला असता.

म्हणून पहिला प्रश्न ‘दर कोणता’ हा नसतोच. आधी विचारायचं की हा गठ्ठा कॉम्पोझिट आहे की मिक्स्ड, की मुळात गठ्ठाच नाही. हा क्रमही महत्त्वाचा आहे. मिक्स्ड सप्लायची व्याख्या कलम २(७४) मध्ये आहे आणि तिच्यातच म्हटलं आहे की जो पुरवठा कॉम्पोझिट नाही तोच मिक्स्ड होऊ शकतो. म्हणजे आधी कॉम्पोझिटची चाचणी लावायची. ती लागू झाली तर तिथेच थांबायचं. नाही झाली, तर भाव एकच आहे का ते बघायचं. एकच भाव असेल तर मिक्स्ड. वस्तू खऱ्या अर्थाने सुट्या विकल्या जात असतील, तर ज्याचा त्याचा दर.

कॉम्पोझिटची व्याख्या कलम २(३०) मध्ये आहे. दोन किंवा जास्त पुरवठे असावेत, ते व्यवहाराच्या नेहमीच्या ओघात स्वाभाविकपणे एकत्र बांधलेले असावेत, एकमेकांबरोबर दिले जात असावेत आणि त्यांपैकी एक मुख्य असावा. कायद्यातलंच उदाहरण मालाचं आहे: माल, त्याचं पॅकिंग, वाहतूक आणि विमा हे सगळं मिळून एक कॉम्पोझिट सप्लाय आणि माल हा मुख्य. शेजारीच मिक्स्ड सप्लायचं उदाहरण आहे आणि ते नेमकं आपल्या बॉक्ससारखं आहे. डबाबंद पदार्थ, मिठाई, चॉकलेट, केक, सुकामेवा, सोडायुक्त पेय आणि फळांचा रस यांचं एका भावाने विकलेलं पॅकेज. त्यातली प्रत्येक वस्तू वेगळी विकता येते आणि एक वस्तू दुसरीवर अवलंबून नाही, असं कारणही तिथेच दिलं आहे. तेव्हा ‘आमचा हॅम्पर म्हणजे एकच वस्तू’ असं म्हणणाऱ्या दुकानदाराला कायद्याच्या पुस्तकातच उत्तर सापडतं.

‘स्वाभाविकपणे एकत्र बांधलेले’ हे ओळखायचं कसं? याला एकच एक सूत्र नाही. सेवाकराच्या काळापासून काही खुणा वापरात आहेत. ग्राहक ही गोष्ट एकच समजून घेतो का? त्या धंद्यातले बहुतेक लोक ती अशीच एकत्र देतात का? एखादा भाग काढून टाकला, तर उरलेल्या गोष्टीचं स्वरूपच बिघडतं का? यांतली शेवटची खूण मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण ती काउंटरवर उभ्या-उभ्या लावता येते. हॉटेलच्या खोलीबरोबर मिळणारा नाश्ता घ्या. पाहुणा खोलीसाठी येतो, नाश्ता त्या मुक्कामाचा भाग असतो आणि बहुतेक हॉटेलं तो तसाच देतात. इथे खोली मुख्य, नाश्ता पूरक. लॅपटॉपबरोबर येणारी बॅगही तशीच. पण त्याच लॅपटॉपबरोबर एका भावात प्रिंटर दिला, तर गोष्ट बदलते. प्रिंटरशिवाय लॅपटॉपचं काही अडत नाही.

आपल्या बॉक्सला हीच चाचणी लावू. सेंट काढलं तर फराळाचं काही बिघडतं का? नाही. नाणं काढलं तर? नाही. इथे मुख्य वस्तू कोणती हेसुद्धा सांगता येत नाही. किमतीने बघितलं तर नाणं सर्वांत महाग, पण कुणी नाण्याबरोबर पूरक म्हणून चकली देत नाही. मुख्य पुरवठा म्हणजे सर्वांत महाग वस्तू, हा समज फार पसरलेला आहे. किंमत ही फार तर एक खूण आहे. बाकीच्या गोष्टी ज्याच्या आधारासाठी आहेत तो मुख्य पुरवठा.

पण त्याच बॉक्समध्ये कॉम्पोझिटचा भागही आहे आणि तिथे उलटी चूक होते. पुठ्ठ्याचा डबा, रिबीन, आतला मखमली कागद आणि कंपनीच्या गेटपर्यंत पोचवण्याचं भाडं या गोष्टी मालाच्या मागे येतात. फक्त फराळाची ऑर्डर असेल आणि दुकानदाराने बिलात ‘डिलिव्हरी २०० रुपये’ अशी वेगळी ओळ टाकली, तर बरेच जण त्या ओळीवर १८ टक्के लावतात, कारण वाहतूक ही सेवा आहे असं त्यांना वाटतं. पण इथे वाहतूक हा स्वतंत्र धंदा नाही. मालाचा दर ५ टक्के, म्हणून पोचवणावळीचाही ५ टक्के. बिलात वेगवेगळ्या दरांच्या वस्तू असतील, तर ही पोचवणावळ त्यांच्या किमतीच्या प्रमाणात वाटून द्यायची, ही साधारण पद्धत.

मिक्स्ड सप्लायमध्ये भाव वेगळे केले की गठ्ठा सुटू शकतो, कारण एकच भाव ही त्याच्या व्याख्येतलीच अट आहे. कॉम्पोझिटमध्ये भाव वेगळे लिहून काही होत नाही, कारण त्याच्या व्याख्येत एकाच भावाची अट नाहीच. खोली आणि नाश्ता एकाच पॅकेजमध्ये विकून बिलात दोन ओळी केल्या, म्हणून ते दोन पुरवठे होत नाहीत. बिलाची छपाई बदलून कर बदलता येतो की नाही, हे गठ्ठा कोणत्या प्रकारचा आहे त्यावर ठरतं.

थोडं गोंधळात टाकणारं एक उदाहरण इथे सांगायला हवं. गाडीच्या सर्व्हिसिंगमध्ये सुटे भाग आणि मजुरी दोन्ही असतात. यावर केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने जून २०१८ मध्ये ४७ क्रमांकाचं परिपत्रक काढलं. भाग आणि मजुरी यांची किंमत वेगवेगळी दाखवली असेल, तर दोन्हींना आपापला दर लावायचा, असं त्यात म्हटलं. म्हणजे गॅरेजवाल्याला वेगळ्या ओळींचा फायदा मिळतो. यावरून ‘वेगळं लिहिलं की सुटलो’ असा सरसकट नियम काढू नका. ते उत्तर गॅरेजपुरतं आहे.

परत बॉक्सकडे येऊ. समजा दुकानदाराने कंपनीला सांगितलं, ‘साहेब, कर धरून एका बॉक्सचे २,९९४ रुपये.’ त्याच्या डोक्यात २,८०० आणि १९४ असा हिशेब होता. ऑर्डर पाचशे बॉक्सची. बिलात त्याने पाच ओळी टाकल्या आणि प्रत्येकीला आपापला दर लावला. वरवर सगळं बरोबर दिसतं. दोन वर्षांनी ऑडिट लागतं आणि अधिकारी कंपनीची पर्चेस ऑर्डर मागतो. तिच्यात लिहिलंय: ‘फेस्टिव्ह हॅम्पर, ५०० नग, दर २,९९४.’ कोटेशनमध्येही एकच आकडा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या कॅटलॉगमध्ये बॉक्सच्या फोटोखाली एकच किंमत. कंपनीला सेंट नको असतं तर किती रुपये कमी झाले असते, हे कुठेच लिहिलेलं नाही. आता बिलातल्या पाच ओळी खऱ्या व्यवहारातून आल्यात की बिल करताना तयार झाल्यात, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज लागत नाही.

अशा वेळी ठरलेला भाव करासहित धरला, तर त्यातून कर उलटा काढतात. २,९९४ ला ४० ने गुणून १४० ने भागलं की सुमारे ८५५ रुपये येतात. दुकानदाराने भरले १९४. म्हणजे एका बॉक्समागे सुमारे ६६१ रुपये कमी आणि पाचशे बॉक्सचे जवळपास ३ लाख ३० हजार. त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज आणि प्रकरण कसं हाताळलं जातं त्याप्रमाणे दंड. भाव करासहित ठरलेला असल्यामुळे हा फरक कंपनीकडून वसूल करायला जावं, तर ती दारातच नाही म्हणते. तिचंही कारण आहे: भेट म्हणून वाटलेल्या मालावर कलम १७(५)(ह) प्रमाणे तिला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, त्यामुळे कराचा प्रत्येक रुपया तिच्या खर्चातच जातो.

मग करायचं काय? सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ती कोल्ड्रिंकची बाटली काढून टाकणं. बाटली नसेल, तर बॉक्स २,७०० चा होतो आणि सर्वांत वरचा दर सेंटचा, १८ टक्के. कर ४८६ रुपये. म्हणजे शंभर रुपयांच्या बाटलीने एकट्याने ६३४ रुपये कर वाढवला होता. सेंटही काढलं, तर २,४०० वर ५ टक्के, म्हणजे १२० रुपये. सुट्या हिशेबात हेच शंभर झाले असते. वीस रुपयांचा फरक नाण्यामुळे पडतो आणि तेवढ्यासाठी कुणी डोकं खाजवू नये. २०२५ च्या दरबदलानंतर चॉकलेट, केक, ड्रायफ्रूट, फरसाण, फळांचा साधा रस हे सगळं ५ टक्क्यांत आलं. त्यामुळे निव्वळ खाण्याच्या हॅम्परमध्ये हा प्रश्न बराचसा मिटला. दर एकच असेल, तर गठ्ठा कोणता यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण ४० टक्क्यांची एखादी वस्तू आत शिरली, की अंतर पूर्वीपेक्षाही मोठं दिसतं.

‘बाटली फुकट आहे असं लिहितो’ ही युक्ती पुष्कळांना सुचते. ती चालत नाही. मार्च २०१९ च्या ९२ क्रमांकाच्या परिपत्रकात ‘एकावर एक फ्री’ योजनांबद्दल हेच सांगितलं आहे. फुकट म्हटलेली वस्तू फुकट नसते, एका भावात दोन वस्तू दिलेल्या असतात. त्या दोन वस्तूंचा गठ्ठा कॉम्पोझिट की मिक्स्ड हे बघून कलम ८ प्रमाणे दर ठरवायचा. साबणावर तोच साबण फ्री असेल, तर दर एकच, काही फरक पडत नाही. फराळावर कोल्ड्रिंक फ्री दिलं, की आपण परत ४० टक्क्यांपाशी येतो.

वस्तू ठेवायच्याच असतील, तर वेगळेपण खरं असावं लागतं आणि ते ऑर्डरच्या आधीपासून दिसावं लागतं. कोटेशनमध्येच प्रत्येक वस्तूचा भाव द्यावा. ग्राहकाला एखादी वस्तू नको असेल, तर तिचा भाव वजा होतो हे त्यात लिहावं आणि खरंच कुणी काढायला सांगितली, तर काढून द्यावी. दुकानात ती वस्तू ज्या भावाने सुटी विकली जाते, तोच भाव इथे असावा. सूट द्यायची असेल, तर सगळ्यांवर सारखी द्यावी. कोल्ड्रिंक १०० चं १० रुपयांवर आणून फराळाचे ९० वाढवले, तर ती ओळ वाचणाऱ्याला लगेच दिसते. बॉक्सवर एकच किमतीचं स्टिकर लावू नये. एवढं केलं म्हणजे वाद होणारच नाही असं नाही. पाच वस्तू एका डब्यात जातात, तेव्हा अधिकाऱ्याला शंका येणार. पण शंकेला कागदाने उत्तर देता येतं.

सीमारेषेवरच्या गोष्टींत काय होतं, याचं एक उदाहरण बंगालमधलं आहे. यूपीएस आणि बॅटरी एका भावाने विकणं म्हणजे काय, असा प्रश्न २०१८ मध्ये पश्चिम बंगालच्या ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणापुढे, म्हणजे कराच्या प्रश्नावर अर्जदाराला आगाऊ निर्णय देणाऱ्या यंत्रणेपुढे आला. बॅटरीशिवाय यूपीएस कशाला, म्हणून हे कॉम्पोझिट, असं विक्रेत्याचं म्हणणं. प्राधिकरणाने मिक्स्ड ठरवलं, कारण बॅटरी वेगळी मिळते आणि इतर कामांसाठीही वापरता येते. त्या वेळी बॅटरीचा दर २८ टक्के होता, यूपीएसचा १८. पूर्ण यूपीएसला २८ लागले. मला हा निर्णय पटत नाही. बॅटरीविना यूपीएस विकत घेणारा घरगुती ग्राहक मी तरी बघितलेला नाही. पण वस्तू सुटी मिळते की नाही, या प्रश्नाला प्राधिकरणं किती वजन देतात, हे त्यातून कळतं.

पुरवठा करणारा एकच आहे का, हेही बघायचं असतं. केरळमध्ये एका औषध कंपनीने हॉस्पिटलांना तपासणीची यंत्रं वापरायला दिली होती आणि त्यांत लागणारी रसायनं वितरकाकडून घ्यावी लागत. राज्याच्या प्राधिकरणाने दोन्ही मिळून कॉम्पोझिट ठरवलं. जानेवारी २०२० मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. यंत्र एकाने दिलं, रसायनं दुसऱ्याने विकली, मग एकच बांधलेला पुरवठा म्हणायचा कसा, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. आपल्या बॉक्सच्या बाबतीत याचा अर्थ असा, की कंपनीने स्वतःच कुरिअरवाला ठरवून त्याला पैसे दिले, तर ती वाहतूक मिठाईवाल्याच्या पुरवठ्यात येतच नाही आणि कुरिअरवाला आपला दर स्वतंत्र लावतो.

कॉम्पोझिट ठरल्याचा फायदा करदात्यालाही होऊ शकतो. परदेशातून जहाजाने माल मागवताना किमतीत भाडं आणि विमा धरलेला असतो आणि त्या पूर्ण किमतीवर आयातदार कर भरतोच. तरीही जहाजभाड्यावर त्याच्याकडून वेगळा कर मागितला जात होता. मे २०२२ मध्ये मोहित मिनरल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की असा व्यवहार कॉम्पोझिट आहे आणि त्यातला सेवेचा तुकडा बाजूला काढून त्यावर पुन्हा कर लावणं कलम ८ च्या विरुद्ध आहे.

काही धंद्यांना ही चाचणी लावण्याची गरजच नसते, कारण कायद्याने उत्तर आधीच दिलेलं आहे. हॉटेलात बसून जेवणं ही परिशिष्ट २ प्रमाणे सेवा, स्थावर मालमत्तेचं वर्क्स कॉन्ट्रॅक्टही सेवा. सोलर प्रकल्प उभारून देण्याच्या कंत्राटात तर एकूण रकमेचे ७० टक्के माल आणि ३० टक्के सेवा असं सरळ धरलं जातं. मालावर ५ आणि सेवेवर १८ लावले, की पूर्ण रकमेवर ८.९ टक्के पडतात. आपला धंदा अशा यादीत आहे का, हे आधी बघून घ्यावं.

आणि रक्कम मोठी असेल, दर वर्षी तोच बॉक्स विकायचा असेल, तर ॲडव्हान्स रूलिंग मागता येतं. केंद्राचे ५,००० आणि राज्याचे ५,००० असं शुल्क आहे. मिळालेलं उत्तर अर्ज करणाऱ्यावर आणि त्याच्या संबंधित अधिकाऱ्यावर बंधनकारक असतं. शेजारच्या दुकानदाराच्या बाजूने लागलेलं रूलिंग फाइलला जोडून आपण निर्धास्त होऊ शकत नाही. अर्ज करताना कोटेशन, ऑर्डर आणि बिल यांचे नमुने खरे द्यावेत, कारण मांडलेली वस्तुस्थिती बदलली, की त्या उत्तराचा आधारही सुटतो.